जुन्या रंध्याचं आणि करवतीचं वय काढताना या चुका टाळा

जुना रंधा हाती आला की माणूस आधी शिक्का शोधतो. ते बरोबरच आहे. घोटाळा होतो तो शिक्का सापडल्यावर. निर्मात्याचं नाव वाचायचं, तो अमुक साली सुरू झाला असं कळलं की तेच हत्याराचं साल धरायचं, असा सरधोपट हिशेब होतो. पण शिक्का फक्त एवढंच सांगतो की वस्तू या सालाच्या आधीची नाही. नंतर किती वर्षांनी बनली, हे दुसऱ्या खुणांवरून काढावं लागतं. शिवाय रंधा ही एक वस्तू नाहीच. लाकडी ठोकळा, पातं, पाचर असे सुटे भाग असतात आणि ते शंभर वर्षांत कितीदा बदलले असतील, याचा नेम नाही.

इथे मी इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या हत्यारांपुरतंच लिहितो आहे, कारण नावांचे शिक्के नियमाने मारायची पद्धत तिथे होती आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारांतही शेफील्डचं नाव असलेलं पातं मिळून जातं.

वाचायच्या आधी घासणं

ही चूक मागे फिरवता येत नाही, म्हणून ती आधी. रंध्यावर निर्मात्याचा शिक्का पुढच्या माथ्यावर, म्हणजे लाकडाच्या आडव्या कापावर असतो. तिथे पॉलिशपेपर फिरवला की अक्षरांच्या कडा जातात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश पाडा. समोरून पाहताना कोरा वाटणारा माथा अशा तिरक्या उजेडात बरेचदा बोलू लागतो. तरीही जमलं नाही तर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी घासा.

करवतीचं दुखणं निराळं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पात्यावरचं नाव बरेचदा ठोकलेलं नसून आम्लाने कोरलेलं असतं, आणि ते कोरीवकाम अगदी उथळ असतं. ड्रिलला तारेचा ब्रश लावून गंज उडवला की नावही उडालं. लाकडाच्या सपाट तुकड्याला 600 नंबरचा पेपर गुंडाळा, रॉकेलचे थेंब टाका आणि पात्याच्या लांबीत हलक्या हाताने फिरवा. पृष्ठभाग उजळतो, कोरलेली अक्षरं काळसर राहतात. अक्षरं दिसू लागली की थांबा आणि आधी फोटो काढा. सायट्रिक ॲसिडमध्ये पातं बुडवून ठेवणारे गंज काढतात खरे, पण त्यात हा काळसरपणाही निघून जाऊ शकतो. मग वाचायला काही उरत नाही.

मालकाला निर्माता समजणं

इंग्लंडमधले सुतार आपल्या हत्यारांवर स्वतःच्या नावाचा शिक्का मारत. एका रंध्यावर तीन-चार मालकांची नावं सापडणं नेहमीचं आहे. निर्मात्याचा शिक्का साधारणपणे एकदाच, माथ्यावर वरच्या बाजूला मधोमध, सरळ आणि नेटका मारलेला असतो. नावाखाली गाव असेल तर बहुधा तो निर्माता किंवा विक्रेता. मालकाचं नाव मात्र पुढे, मागे, कुशीवर, कधी उलटंही असतं. माझ्या मते वाचताना क्रम असा ठेवावा: आधी किती वेळा मारलंय ते मोजायचं, मग कुठे मारलंय ते पाहायचं, आणि नाव शेवटी वाचायचं. एक बारकावा आहे. जुन्या शिक्क्यांत ‘जे’ या अक्षराऐवजी ‘आय’ कोरत, त्यामुळे ‘आय’ने सुरू होणारा माणूस जॉन किंवा जेम्सही असू शकतो.

गलथ्याच्या, म्हणजे लाकडाच्या कडेला नक्षी काढायच्या, रंध्याला शिक्का नसला तरी लांबी उपयोगी पडते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे रंधे 10 इंच किंवा त्याहून लांब असत. त्या शतकाच्या अखेरीला लांबी साडेनऊ इंचांवर स्थिरावली आणि पुढे तशीच राहिली. तुलनेला धरायला एक उत्तम साठा आहे. बेंजामिन सीटन या तरुणाला वडिलांनी 1796 मध्ये घेऊन दिलेली हत्यारांची पेटी इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. त्यातले रंधे लंडनच्या गॅब्रिएलचे आणि करवती शेफील्डच्या केन्यनच्या आहेत. खरेदीचं साल पक्कं असलेला असा संच फार दुर्मीळ, म्हणून जाणकार आपली वस्तू या पेटीशी ताडून पाहतात. लांबी मोजताना मात्र माथ्याच्या कडांचे तासलेले उतार नीट पाहा. पुढचे उतार धारदार, ताजे आणि मागचे झिजलेले असतील, किंवा शिक्का अर्धा कापलेला असेल, तर रंधा नंतर कुणीतरी आखूड केलेला आहे.

पात्यावरचं नाव लाकडाला चिकटवणं

ही चूक सर्रास होते. रंधा बनवणारे आणि पातं बनवणारे हे बहुतेक वेळा वेगळे कारखाने. लंडनच्या किंवा ग्लासगोच्या ठोकळ्यात शेफील्डचं पातं असणं हीच रीत होती. आपल्याकडे तर आणखी एक फाटा फुटतो. इथला सुतार ठोकळा स्वतः सागात किंवा शिसवीत घडवायचा आणि पातं विकत आणायचा. ब्रिटिश रंधा बहुतांशी बीच लाकडाचा असतो. फिकट तपकिरी, आणि त्यावर बारीक ठिपके-रेघा विखुरलेल्या. ठोकळा साग-शिसवीचा असेल तर पात्यावर शेफील्ड असो वा आणखी काही, रंधा बहुधा ब्रिटिश नव्हे. पात्याच्या वयावरून लाकडाचं वय तर नाहीच निघत.

पातं मूळचं आहे की मागाहून घातलेलं, हे ओळखायचं कसं? झीज जुळते का ते पाहायचं. समजा 17 इंची जॅक रंधा आहे, बीचचा. तळ झिजलाय, तोंड रुंद झालंय, तोंडापुढे तळात नव्या लाकडाचा तुकडा बसवलाय. इतकं काम केलेल्या रंध्याचं मूळ पातं धार लावून लावून आखूड व्हायलाच हवं. त्यात जर जवळजवळ पूर्ण लांबीचं पातं बसलेलं असेल, तर ते नंतरचं. दुसरी खूण जाडीची आहे. जुनी पाती धारेकडे जाड आणि वर पातळ होत गेलेली असतात आणि पाचर त्या उताराला बेतलेली असते. तिथे एकसारख्या जाडीचं पातं घातलं की पाचर नीट आवळत नाही, म्हणून पाचरही नवी करावी लागते. पाचरीचा रंग ठोकळ्यापेक्षा वेगळा दिसला तर पात्याकडे संशयाने पाहा.

तिसरी खूण पात्यावर स्क्रूने बसवलेल्या दुसऱ्या पट्टीची, म्हणजे कॅपची. 1767 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका रंधेवाल्याने दुहेरी पात्याच्या रंध्यांची जाहिरात दिली होती. त्याच्या फार आधीच्या रंध्यात कॅप असण्याचा संभव नाही. ठोकळा त्याहून जुना वाटत असेल आणि कॅप असेल, तर पातं काढून आतली बैठक बघा. कॅपच्या स्क्रूला जागा म्हणून बैठकीत खोबण लागते. ती कारखान्यात घेतलेली असेल तर कडा साफ आणि लाकूड बाकी बैठकीइतकंच काळवंडलेलं असतं. पटाशीचे ओबडधोबड घाव आणि आत उजळ लाकूड दिसलं तर एकेरी पात्याचा रंधा मागाहून दुहेरी केलेला आहे. अशा ठोकळ्याचं वय कॅपमुळे कमी धरायची गरज नाही.

‘कास्ट स्टील’ वाचून बिडाचं समजणं

पात्यावर ‘कास्ट स्टील’ किंवा ‘वॉरंटेड कास्ट स्टील’ असतं. हे बीड नव्हे. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात मुशीत वितळवून एकजीव पोलाद करायची पद्धत बसवली, त्या पोलादाचं हे नाव. बीड ठिसूळ असतं. त्याची रंध्याची धार टिकणारच नाही. म्हणून हा शिक्का असलेलं पातं अठराव्या शतकाच्या मध्याआधीचं नाही, आणि प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण वरची मर्यादा या शब्दांवरून काढू नका. विसाव्या शतकातही हेच शब्द ठोकले जात होते, कारण गिऱ्हाइकाचा त्यांवर विश्वास होता. ‘क्रोम व्हॅनेडियम’सारखे शब्द दिसले, तर मात्र पातं निःसंशय विसाव्या शतकातलं.

पोलाद महाग होतं, म्हणून जुन्या पात्याचं अंग घडीव लोखंडाचं आणि धारेकडे पोलादाची पातळ पट्टी भट्टीत जोडलेली असे. धारेचा उतार निसण्यावर घासून चकचकीत करा आणि व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी काही मिनिटं ठेवा. पोलाद गडद करडं पडतं, लोखंड फिकट राहतं, मधली रेघ दिसते. कानसही हेच सांगते: वरच्या टोकाला ती चावते, धारेशी घसरते. रेघ दिसली नाही तर पातं अखंड पोलादाचं आणि बहुधा अलीकडचं. रेघ दिसली म्हणून मात्र लगेच जुनं ठरवू नका, जोडीव पाती विसाव्या शतकातही निघत होती.

‘इंग्लंड’ हा शब्दही असाच फसवतो. 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. म्हणून ‘इंग्लंड’ लिहिलेली वस्तू साधारण 1891 नंतरची, हे ठीक. पण नुसतं ‘शेफील्ड’ म्हणजे त्याआधीचं, हे साफ चूक. जो माल अमेरिकेला जायचाच नव्हता, त्यावर देशाचं नाव लिहायची ती सक्ती नव्हती.

करवतीच्या बिल्ल्यावर आंधळा विश्वास

मुठीतल्या पितळी बिल्ल्यावर ‘वॉरंटेड सुपीरियर’ आणि गरुड असेल, तर साल काढायच्या फंदात पडू नका. तो कुणा एका कारखान्याचा नव्हता; अनेकजण, विशेषतः दुय्यम प्रतीच्या करवतींवर, तो लावत.

डिस्टनचा बिल्ला मात्र खूप सांगतो. हेन्री डिस्टनने 1840 मध्ये फिलाडेल्फियात धंदा सुरू केला. 1865 ला मुलगा भागीदार झाला तेव्हा ‘अँड सन’, आणि 1871 पासून ‘अँड सन्स’. आता समजा, हाती आलेल्या करवतीच्या बिल्ल्यावर ‘अँड सन्स’ आणि पेटंटची तारीख 27 डिसेंबर 1887 आहे. बरेचजण इथे करवत 1887 ची म्हणून मोकळे होतात. पण पेटंट मिळाल्यावरच ती तारीख बिल्ल्यावर येणार. असे बिल्ले 1888 पासून 1890 च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे धरतात, आणि हे साल बिल्ल्याचं आहे, करवतीचं नव्हे.

पुढचं काम स्क्रू काढून करायचं. पात्यावर मुठीच्या आतला झाकलेला भाग कमी गंजलेला असतो आणि त्याला मुठीचा आकार असतो. तो आकार आत्ताच्या मुठीशी जुळतो का? पात्यात स्क्रूंपेक्षा एखादं भोक जास्त आहे का? मुठीतल्या बिल्ल्याच्या खोबणीची कड गोल आहे, की कुणी मोठी करून घेतलीय? तिन्ही उत्तरं समाधानकारक असतील तर बिल्ल्याचं साल सबंध करवतीला लावता येतं. एक भोक जास्त निघालं, तर मूठ 1890 च्या आसपासची आणि पात्याचं वय वेगळं काढायचं, असं लिहून ठेवा. विकणाऱ्याने ‘सव्वाशे वर्षं जुनी’ म्हणून किंमत लावली असेल, तर ते जास्तीचं भोक त्याला दाखवा आणि भाव करा.