जंतनाशक गोळीची ‘अंडी-घट’ काढताना या चुका टाळा

मेळघाटातली एखादी आश्रमशाळा घ्या. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी अंकुशकृमीवर (हुकवर्मवर) किती चालते, हे तपासायचं आहे. गोळीआधी मुलांची विष्ठा काटो-कॅट्झ पद्धतीने तपासायची, गोळी समोर चावून खायला लावायची आणि १४ ते २१ दिवसांनी त्याच मुलांची विष्ठा पुन्हा तपासायची. स्लाइडवर ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा मावते, म्हणून मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणलं की एका ग्रॅममधली अंडी, म्हणजे ईपीजी, मिळते. गोळीनंतर ईपीजी आधीपेक्षा किती टक्के उतरली, ती अंडी-घट. घोळ होतो तो ती काढताना, एक्सेलच्या तक्त्यात.

समजण्यापुरती सात मुलं धरू. गोळीआधीची ईपीजी बी स्तंभात, नंतरची सी स्तंभात:

```
मूल   आधी   नंतर
१      48     0
२      72     0
३      96     0
४     120     0
५     240    24
६    2400   360
७    4800   (गैरहजर)
```

सातव्या मुलाला आईवडील मजुरीला जाताना सोबत घेऊन गेले. बहुतेक जण इथे सरळ हे टाकतात:

```
=100*(1-AVERAGE(C2:C8)/AVERAGE(B2:B8))
```

उत्तर येतं ९४.२ टक्के. अंकुशकृमीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने अल्बेंडाझोलची अपेक्षित घट किमान ९० टक्के ठरवली आहे, म्हणजे गोळी पास. पण एक्सेलने सी स्तंभातला रिकामा खाना सोडून सहा मुलांची सरासरी काढली आणि बी स्तंभात मात्र सातही मुलं धरली. सगळ्यात जास्त जंत असलेलं मूल फक्त ‘आधी’च्या बाजूला मोजलं गेलं. दोन्ही वेळा नमुना दिलेली सहाच मुलं घेतली, तर आधीची बेरीज २९७६, नंतरची ३८४ आणि घट ८७.१ टक्के. ८० ते ९० हा ‘शंकास्पद’ पट्टा आहे. एका गैरहजेरीने निकालच फिरला.

रिकाम्या खान्यात ० भरणं तर त्याहून वाईट, कारण मग गैरहजर मूल बरं झालेलं ठरतं आणि घट ९५.१ पर्यंत चढते. उलटी चूकही दिसते. अंडी सापडली नाहीत म्हणून तंत्रज्ञ शून्याऐवजी नुसती रेघ मारतो, एक्सेल ती मुलं वगळतं आणि सी स्तंभाची सरासरी दोनच मुलांवर निघते. शून्य म्हणजे तपासलं आणि सापडलं नाही. रिकामं म्हणजे तपासलंच नाही. हा फरक नोंदवहीतच पाळला, तर पुढचं सूत्र सोपं आहे:

```
=100*(1-SUMIFS(C2:C8,B2:B8,">0")/SUMIFS(B2:B8,C2:C8,">=0"))
```

मुलं तीच असल्यामुळे सरासरीऐवजी बेरीज चालते. `">0"` मुळे आधी अंडी नसलेली मुलं गळतात, `">=0"` मुळे नंतरचा आकडा नसलेली. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या १० ऑगस्टच्या फेरीनंतर दुसरा नमुना घेणार असाल, तर पोळ्याची तारीख आधी बघा. तो काही वर्षी याच १४–२१ दिवसांत येतो आणि वसतिगृह रिकामं होतं.

दुसरी चूक सरासरीच्या प्रकाराची. प्रत्येक मुलाची घट वेगळी काढून त्यांची सरासरी घेतली, तर वरच्या सहा मुलांची ९५.८ टक्के येते. ४८ अंड्यांच्या मुलाला २४०० अंड्यांच्या मुलाइतकंच वजन मिळतं ना! आकडे फार विखुरलेले म्हणून कुणी प्रत्येकात १ मिळवून भौमितिक सरासरी घेतं आणि शेवटी तो १ वजा करतं, तिने ९७.९ येतात. संख्याशास्त्राच्या वर्गात हे शोभतं, पण गोळी कमी पडते ती बहुधा जास्त जंत असलेल्या मुलात, आणि भौमितिक सरासरी नेमकं तेच मूल दाबते. ९० टक्क्यांची रेषा अंकगणिती सरासरीसाठी आखलेली आहे. दुसरी सरासरी काढून त्या रेषेशी ताडू नये.

तिसरी चूक तक्त्यात दिसतच नाही. काटो-कॅट्झमधलं ग्लिसरीन अंकुशकृमीची पातळ कवचाची अंडी पारदर्शक करून टाकतं, त्यामुळे स्लाइड ३० ते ६० मिनिटांत वाचावी लागते. पहिल्या वेळी शाळेच्या व्हरांड्यातच वाचली आणि दुसऱ्या वेळी मोटारसायकलवरून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन दोन तासांनी वाचली, तर गोळीने न मेलेले जंतही ‘गेले’ असं दिसतं. गोलकृमीची अंडी त्याच स्लाइडवर तशीच टिकतात, म्हणून ती दिसतात यावर विसंबू नका. स्लाइड बनवल्याची आणि वाचल्याची वेळ दोन्ही फेऱ्यांत लिहा. अंकुशकृमी सगळीकडे एकदम शून्य आला, तर आधी त्या वेळा तपासा.

सहा मुलांवरचे ८७.१ टक्के घेऊन अल्बेंडाझोलला प्रतिकार आला, असं जिल्हा कार्यालयाला कळवू नका. सुरुवातीला अंडी असलेली निदान ५० मुलं हवीत. त्यातही घट ९० च्या खाली आली, तर गोळी समोर चावली होती का, मुदत उलटली होती का, हे आधी पाहून मग नव्या मुलांवर चाचणी पुन्हा करावी.