पिवळा डॉलर की म्युझिक क्लेम? कमाई कुठे गळते ते वाचताना या चुका टाळा

यूट्यूबवर व्ह्यूज नेहमीसारखेच, पण कमाई घसरली, की पुष्कळ जण आधी व्हिडिओचा रिव्ह्यू मागून मोकळे होतात. इथेच पहिली चूक होते. यूट्यूब स्टुडिओतल्या व्हिडिओंच्या यादीत Monetization आणि Restrictions हे दोन वेगळे रकाने आहेत आणि ते वेगळ्या गोष्टी सांगतात. Monetization खाली पिवळा डॉलर म्हणजे व्हिडिओचा आशय जाहिरातदारांना अडचणीचा वाटू शकतो, म्हणून जाहिराती कमी किंवा बंद. Restrictions खाली Copyright दिसलं, तर मामला हक्काचा आहे, म्हणजे गाण्याच्या मालकाने व्हिडिओवर क्लेम, अर्थात हक्क, सांगितलाय. तिथे जाहिराती जोरात चालूही असतील, फक्त पैसे गाण्याच्या मालकाकडे जात असतील.

एक उदाहरण घेऊ. साडेबारा मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि त्यात ३:१० ते ३:५२ मागे गाणं वाजतंय. गाणं बेचाळीस सेकंदांचं, म्हणून बेचाळीस सेकंदांचेच पैसे जातील, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. मालकाने कमाई स्वतःकडे वळवायचं धोरण निवडलं असेल, तर सहसा पूर्ण व्हिडिओचीच कमाई त्याची. आता अॅनालिटिक्समध्ये त्या एकाच व्हिडिओची रोजची कमाई उघडा. ठराविक तारखेपासून आलेख एकदम तळाला टेकला असेल, तर ती तारीख क्लेमच्या तारखेशी ताडून बघा. पिवळ्या डॉलरमध्ये मात्र थोडी धार चालू राहू शकते, कारण जाहिरातींशिवाय बघायला पैसे भरणाऱ्या प्रीमियम प्रेक्षकांचे पैसे तरीही मिळू शकतात.

दोन्हींची औषधं वेगळी आहेत. पिवळ्यासाठी माणसाकडून रिव्ह्यू मागता येतो, पण त्याने क्लेम हलत नाही. क्लेमसाठी Copyright वर जाऊन तपशील उघडा, कुठला तुकडा धरलाय ते बघा आणि तो भाग कापा, गाणं बदला किंवा आवाज बंद करा. बदल पूर्ण झाला की क्लेम सुटतो. तोवर मालकाकडे गेलेली कमाई मात्र परत येत नाही, म्हणून व्हिडिओ जोरात चालतोय तेव्हाच हे उरकावं.

गाण्याचं लायसन्स खरोखर हातात असेल, तर वाद नोंदवायला उशीर करू नका. ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत वाद नोंदवला, तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवली जाते आणि निकाल लागला की जिंकणाऱ्याला मिळते. सहाव्या दिवशी नोंदवलात, तर राखणं त्या दिवसापासून सुरू होतं आणि आधीचे दिवस गेले. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. ‘वर्णनात गायकाचं नाव दिलंय’ हे कारण मात्र वादात लिहू नका. श्रेय देणं म्हणजे परवानगी नव्हे आणि असा वाद टिकत नाही.