काल दुप्पट झालेला ऑप्शन आज घ्यायचा मोह कसा आवरावा

काल ५ चा कॉल १० झाला आणि आपण तो घेतला नव्हता. आज बाजार उघडताच हात तिकडेच वळतो. अशा वेळी ‘संयम ठेवा’ म्हणून काही होत नाही, आकडेमोड केलेली बरी.

पहिलं काम: आज तो १० ला घेतला तर बाजाराने काय करायला हवं, ते कागदावर लिहा. समजा निर्देशांक १०,००० वर होता आणि एक्स्पायरीला तीन दिवस असताना १०,२५० चा कॉल ५ ला मिळत होता. काल निर्देशांक १०० अंकांनी चढला, कॉल १० झाला. आज निर्देशांक जागच्या जागी राहिला, तर संध्याकाळी हाच कॉल साधारण २-३ वर आलेला दिसेल, कारण स्ट्राइक अजून १५० अंक लांब आहे आणि हातात एकच दिवस उरलाय. भाव १० वर टिकवायलाच निर्देशांक आणखी ६०-७० अंक चढायला हवा. एक्स्पायरीपर्यंत धरलात, तर पैसे सुटायला १०,२६० गाठावं लागेल. म्हणजे काल ज्याने घेतला त्याचा सौदा वेगळा होता. भावात वाढलेली अस्थिरता मुरलेली असेल, तर ती ओसरताच प्रीमियम आणखी उतरतो.

खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतरही बघा. ९.५० ला विकला जाणारा कॉल १०.५० ला घेतला, तर घेतल्या क्षणी जवळजवळ दहा टक्के गेले. ‘स्वस्त’ ऑप्शनमध्ये हा खर्च डोळ्यांत येत नाही.

दुसरं काम थोडं कंटाळवाणं, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी. सर्वाधिक वाढलेल्यांच्या यादीत फक्त जिंकलेले ऑप्शन असतात. त्यातले पहिले दहा रोज वहीत टिपा आणि दुसऱ्या दिवशीचा बंद भाव शेजारी लिहा. पैसे न लावता. जे ‘हुकले’ असं वाटतं, त्यातल्या किती जणांनी दुसऱ्या दिवशीही साथ दिली, हे तुमच्याच अक्षरात दिसेल.

मग नियम, आणि ते बाजार बंद असतानाच लिहावेत. काल ५० टक्क्यांहून जास्त वाढलेला ऑप्शन आज घ्यायचा नाही. दिवसाला दोनच ट्रेड. प्रीमियम पूर्ण शून्य होणार असं धरून एका ट्रेडमध्ये भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त घालायचं नाही. लागोपाठ दोन तोटे झाले की लॉग-आउट. ब्रोकरच्या ॲपमध्ये दिवसापुरतं ट्रेडिंग बंद करायची सोय असेल तर तीच वापरा, कारण स्वतःला दिलेला शब्द दुपारी दोनपर्यंतच टिकतो.

पळवाट बहुधा अशी निघते: ट्रेड दोनच, पण दुसऱ्यात लॉट तिप्पट. म्हणून वहीत ट्रेडच्या संख्येशेजारी दिवसभरात भरलेला एकूण प्रीमियमही लिहा. तोट्यानंतरच्या ट्रेडमध्ये तो फुगलेला दिसला, तर नियम मोडलाय.