लहान मुलांसह आठवड्याची सहल: स्वतःची गाडी न्यावी की कॅब करावी?

आम्ही फोंड्याला राहतो. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. दर मे महिन्यात घाटावर जायचं ठरलं की घरात एकच वाद असतो, गाडी आपली न्यायची की कॅब करायची. दोन्ही करून झाल्यावर मी आता वाद घालत नाही, कागद घेऊन बसते.

सगळ्यात आधी त्या कागदावर दिवसागणिक किलोमीटर लिहा. एकूण अंतर नको, प्रत्येक दिवसाचं वेगळं. आमचा बेत असा होता: पहिल्या दिवशी चोर्ला घाटाने बेळगावमार्गे कोल्हापूर, साधारण २३० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी अंबाबाई आणि रंकाळा, २०. तिसऱ्या दिवशी पन्हाळा, जाऊन-येऊन ५०. चौथ्या दिवशी साताऱ्यावरून पाचगणी, १८०. पाचव्या दिवशी महाबळेश्वर बघून परत पाचगणी, ५०. सहाव्या दिवशी कोल्हापूर, १८०. सातव्या दिवशी घर, २३०. बेरीज ९४०.

आता कॅबवाल्याचा हिशोब बघा. परगावच्या भाड्याला रोजचं किमान अंतर ठरलेलं असतं, कुणाचं २५०, बहुतेकांचं ३००. गाडी रंकाळ्याकाठी दिवसभर उभी राहिली तरी त्या दिवसाचे ३०० किलोमीटर लागतात. म्हणजे सात दिवसांचे २१०० किलोमीटर, आपण फिरणार ९४०. सात सीटच्या गाडीला किलोमीटरमागे १६ रुपये धरले तर ३३,६०० होतात. ड्रायव्हरचा भत्ता रोज ४०० धरून २,८०० वर. एकूण ३६,४०० रुपये.

स्वतःच्या गाडीचं: लिटरला १५ किलोमीटर धरून ६३ लिटर, शंभराच्या भावाने ६,३००. टायर, ऑइल, झीज यांचे किलोमीटरला ३ रुपये मी नेहमी धरते, लोक धरत नाहीत. ते २,८०० च्या आसपास. म्हणजे ९,१००. टोल दोन्हीकडे सारखाच. पेट्रोल गोव्यात शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा स्वस्त असल्यामुळे टाकी इथेच फुल करून निघायचं, हे वेगळं सांगायला नको.

तुमचे दर वेगळे असतील, पण कागदावर मुक्कामाचे दिवस किती ते मोजा. आमच्यासारखे तीन असले तर कॅब महागच पडणार. रोज ३०० च्या आसपास पळायचं असेल तर फरक बराच कमी होतो.

एवढ्यावर निर्णय झाला असता तर प्रश्नच नव्हता. दुसरी मोजणी हातांची. गाडी घरचं माणूस चालवणार म्हणजे दोन हात स्टेअरिंगवर गेले. मागे दोन मुलं आणि एकटी आई. एकाला शू लागली, दुसरी झोपेतून रडत उठली आणि पुढे वळण, हा प्रसंग केरी सोडल्यावर कणकुंबी येईपर्यंत हमखास येतो. सासूबाई बरोबर होत्या त्या वर्षी आपली गाडी सुखाची झाली. त्या नव्हत्या त्या वर्षी आम्ही कॅब केली. तिसरं मोठं माणूस नसेल आणि घरात गाडी चालवणारं एकच असेल, तर कॅबचे पैसे आपण खरं तर त्या दोन हातांचे देतो.

कॅब ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारा. किलोमीटर कुठून मोजणार? बऱ्याच गाड्यांचं मीटर त्यांच्या दारापासून दारापर्यंत चालतं. गाडी म्हापशाची असली तर फोंड्यापर्यंतचं येणं-जाणंही तुमच्याच माथी. दिवस कसा धरणार? मध्यरात्रीला दिवस बदलत असेल तर संध्याकाळी चारला निघूनही पूर्ण दिवस लागतो, म्हणून पहाटे निघा. परमिटमध्ये कर्नाटक आहे का? चोर्ल्याने गेलं की बेळगाव लागतं, आणि तिथला कर वेगळा द्यावा लागला तर तो कोणी द्यायचा, हे आधी ठरवा. ड्रायव्हर झोपणार कुठे? हॉटेलात त्याची सोय नसेल तर तो गाडीत झोपतो, आणि रात्रभर नीट न झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याला घाट उतरवतो.

पाचवी गोष्ट विचारायची मी विसरले होते. मागच्या सीटचे पट्टे. पहाटे पाचला गाडी दारात आली, मी मुलीची चाइल्ड सीट बसवायला गेले तर पट्ट्याची बकलं रेक्झिनच्या कव्हरखाली शिवून टाकलेली. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मागे कोण पट्टा लावतंय?" डिकीत सीएनजीची टाकी, त्यामुळे बॅगा कॅरिअरवर आणि डायपरची पिशवी माझ्या पायाशी. मुलगी अख्खा घाट मांडीवर. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण मला तेव्हा दंडाची नाही, समोरून येणाऱ्या ट्रकांची भीती वाटत होती. आता मी मागच्या सीटचा आणि उघड्या डिकीचा फोटो आदल्या दिवशी मागवते. सीट बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून बघायची; इंचभरापेक्षा जास्त सरकली तर ती नीट बसलेली नाही.

ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, तो मोह टाळा. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर बसत नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाईचं भांडण तुमच्या गळ्यात. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी.

यंदा आम्ही मधला मार्ग काढला. गाडी आपली, पण पहिल्या आणि शेवटच्या दिवसासाठी ड्रायव्हर घेतला. पहिल्या दिवशी त्याने चोर्ला चढवून कोल्हापूरला आणून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तो बसने परत गेला. सहाव्या दिवशी पुन्हा कोल्हापूरला आला. त्याचे चार दिवस, रोजचे १,५००, म्हणजे ६,०००. बसभाडं आणि जेवणखाण २,०००. एकूण खर्च १७,१००, कॅबच्या निम्म्याहून कमी. मधले दिवस नवऱ्याने चालवली. महामार्ग सरळ आहे, आणि वाईवरून वर जाणारा पसरणी घाट चोर्ल्याच्या मानाने लहान. असा ड्रायव्हर घ्यायचा तर त्याचं लायसन्स स्वतः बघा आणि पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचं कव्हर आहे का ते विमावाल्याला विचारा.

घाटासाठी मुलांना निघण्याआधी तासभर थोडी पेज द्या, दूध नको. ओकारीच्या औषधाचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. आणि मोबाइल हातात दिला की पाचव्या वळणाला ओकारी ठरलेली. आम्ही झाकणाचा डबा आणि दोन जुने टॉवेल पुढच्या सीटखालीच ठेवतो. कॅबमध्ये तो डबा ठेवायला ड्रायव्हर नाक मुरडतो, पण ठेवू देतो.