गणपतीला गावी निघण्याआधी: फोनचा हॉटस्पॉट आणि लॅपटॉप

गणपतीला देवरुखला चार दिवस जायचं, त्यातले दोन दिवस तिथूनच ऑफिसचं काम, आणि नेट म्हणजे फक्त फोनचा हॉटस्पॉट. रोजचा प्लॅन २ जीबीचा. मागच्या वर्षी पहिल्याच दिवशी अकरा वाजता डेटा संपला, आणि तोवर मी जेमतेम दोन मेल पाठवले होते. विंडोजने मागच्या मागे मोठा अपडेट उतरवायला घेतला होता. लॅपटॉपला फोनचं वायफाय घरच्या वायफायसारखंच वाटतं. हा डेटा मोजका आहे हे त्याला आपणच सांगावं लागतं. म्हणून आता मी तयारी दोन दिवस आधी घरीच करते, आणि क्रम चुकवत नाही.

आधी घरच्या वायफायवर सगळे अपडेट उतरवून लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. मग Windows Update मध्ये जाऊन Pause updates एका आठवड्यासाठी लावायचं. कामाच्या फायली लॅपटॉपवर उतरवून ठेवायच्या.

त्यानंतर फोनमध्ये हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड. नावात बहुधा फोनचं मॉडेल असतं, ते बदलून काहीही साधं ठेवावं. सुरक्षेत WPA3 असेल आणि लॅपटॉप जोडला जात असेल तर तेच, नाहीतर WPA2. पासवर्डला कमीत कमी आठ अक्षरं लागतात, म्हणून अनेकजण आपला मोबाइल नंबर टाकून मोकळे होतात. तो अजिबात नको. लॅपटॉप जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती WPA2 वर जवळपासच्या कुणालाही टिपून ठेवता येते, आणि मग घरी बसून कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून पाहता येतो. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर तेवढ्या काही तासांत संपवतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत, जसं की `ukhal-paravda-73-chinch-topi`. (हाच वापरू नका, आता तो छापला गेला.) लॅपटॉपवर एकदाच टाइप करायचा असतो, त्यामुळे लांबीचा त्रास नाही.

आता लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडायचा आणि लगेच Settings मध्ये Network & internet, Wi-Fi, मग त्या नेटवर्कच्या properties मध्ये Metered connection चालू करायचं. हे सेटिंग नेटवर्कच्या नावाला चिकटलेलं असतं. नंतर हॉटस्पॉटचं नाव बदललंत तर लॅपटॉप त्याला नवं नेटवर्क समजतो आणि पुन्हा हात मोकळा सोडतो, म्हणूनच नाव आधी ठरवायचं. यूएसबी केबलने नेट घेणार असाल तर ते Ethernet म्हणून दिसतं, त्याला हे वेगळं लावावं लागतं.

मर्यादा दोन ठिकाणी लावता येते, पण दोन्हींचं काम सारखं नाही. विंडोजमधली मर्यादा इशारा देते आणि मागच्या मागे जाणारा डेटा आवरते, जोडणी तोडत नाही. तोडायचं काम फोनचं. काही अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटसाठी वेगळी डेटा मर्यादा असते, तिथे मी १.५ जीबी टाकते. उरलेला अर्धा जीबी फोनच्या नकाशांना आणि यूपीआयला राहतो. अशी सोय नसेल तर फोनची मोबाइल डेटाची मर्यादा बहुधा महिन्याच्या हिशेबाने चालते आणि संपली की फोनचंही नेट बंद करते. आयफोनमध्ये तोडणारी मर्यादाच नाही, तिथे दुपारी स्वतः आकडा पाहावा लागतो.

दीड जीबीत काय बसतं? व्हिडिओ चालू ठेवून तासभराची मीटिंग साधारण १ जीबी खाऊ शकते. म्हणून सकाळच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवते आणि समोरच्यांचा व्हिडिओ घेणंही बंद करते. नुसता आवाज तासाला शंभर एमबीच्या आतबाहेर राहतो.

निघण्याआधी एक चाचणी कराच. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडून अर्धा तास हात न लावता ठेवायचा आणि फोनवरचा आकडा आधी-नंतर पाहायचा. पाच-दहा एमबी गेले तर ठीक. शंभरच्या वर गेले तर विंडोजच्या Data usage मध्ये कोणतं ॲप खातंय ते दिसतं. बहुतेकदा फोटो किंवा फायली सिंक करणारं काहीतरी सापडतं. ते त्याच्याच मेनूतून थांबवायचं.

गावी घर भरलेलं असतं. “ताई, हॉटस्पॉट दे ना” म्हणणाऱ्या भाचरांना नाही म्हणवत नाही. पण एकदा पासवर्ड दिला की त्यांचे फोन तो लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी आपोआप जोडले जाऊन व्हिडिओ चालवतात. जोडलेल्या उपकरणांची यादी फोनच्या हॉटस्पॉट पानावर दिसते. काम सुरू करण्याआधी ती बघायची, आणि लॅपटॉपशिवाय दुसरं नाव दिसलं तर फक्त पासवर्ड बदलायचा, नाव तेच ठेवायचं.

आणि नेट अचानक रखडलं तर आधी रेंजवर संशय घेऊ नका. रेंजच्या दांड्या पूर्ण आहेत, व्हॉट्सॲपचा मजकूर जातोय पण मेल उघडत नाही, तर डेटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आलेला असतो. रात्री बाराला पुन्हा नवा कोटा सुरू होतो. घाईचं काम असेल तर डेटाचं छोटं व्हाउचर मारायचं.