व्हायवाची तयारी : ३८४ कुठून आले?

रेफरी रिपोर्ट हातात आले की लगेच स्लाइड करायला बसू नका. दोन्ही बाह्य परीक्षकांचे आक्षेप एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे प्रबंधातला पान क्रमांक लिहा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार व्हायवाला गाईड आणि त्या दोघांपैकी किमान एक बाह्य परीक्षक असतो. जो येणार नाही त्याचे आक्षेपही विचारले जातात, त्यामुळे कोण येणार याचे अंदाज बांधत वेळ घालवू नका. सीनियर मंडळींकडून फिरणारी 'व्हायवाचे शंभर प्रश्न' छापाची पीडीएफ तर उघडूच नका. तुमच्या प्रबंधाला कुठे भोक आहे, हे तिला माहीत नसतं.

वाणिज्य, व्यवस्थापन, समाजशास्त्र या विषयांत सर्वेक्षण केलं असेल, तर ते भोक बहुतेक वेळा नमुन्याच्या आकड्यात असतं. समजा, एका जिल्ह्यातल्या चार तालुक्यांतल्या बचत गटांचा अभ्यास आहे आणि ३८४ महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली आहे. परीक्षक विचारतात, "३८४च का?" उत्तर येतं, "सूत्रानुसार." सूत्र असं :

```
n = z²pq / e²
  = (1.96² × 0.5 × 0.5) / 0.05²
  ≈ 384
```

इथपर्यंत ठीक आहे. सापळा पुढच्या प्रश्नात असतो : "आणि या महिला निवडल्या कशा?" गटाच्या मासिक सभेत ज्या भेटल्या, त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतले असतील, तर तो सोयीचा नमुना झाला. वरचं सूत्र मात्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. प्रत्येक सभासदाला निवडलं जाण्याची समान संधी होती, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ती संधी नव्हती, म्हणजे ±५ टक्क्यांचा दावा गेला. मग नमुना ३८४चा असो की हजाराचा.

त्यातच आणखी एक फट असते. प्रत्येक तालुक्यातून ९६ महिला घेऊन तालुक्यांची तुलना केली असेल, तर नमुना यादृच्छिक धरला तरी एका तालुक्यापुरती चूक ±१० टक्क्यांवर जाते. एका तालुक्यात ५२ टक्के आणि दुसऱ्यात ५८ टक्के आले, तर त्या फरकावर निष्कर्ष उभा करता येत नाही. असं वाक्य तुमच्या पाचव्या प्रकरणात आहे का, हे आजच तपासा. असेल तर व्हायवात ते स्वतःहून सौम्य करा.

घाबरू नका. सोयीच्या नमुन्यामुळे प्रबंध नापास होत नाही, पण 'वेळेची मर्यादा होती' हे उत्तर परीक्षकाला चिडवतं. गाईडने 'एवढं म्हटलं की पुरे' असं सांगितलं असलं तरी तेवढ्यावर थांबू नका. त्रुटी कोणती, तिने आकडा कोणत्या दिशेला ढकलला आणि तरीही कोणता निष्कर्ष टिकतो, हे तिन्ही सांगा. उदाहरणार्थ : "सभेला येणाऱ्या महिला अधिक सक्रिय असतात, गट सोडून गेलेल्या माझ्या नमुन्यात नाहीत. त्यामुळे सरासरी बचत प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत असणार. ती रक्कम मी जिल्ह्याला लागू करत नाही. सक्रिय सभासद कर्ज कशासाठी वापरतात, एवढंच मी ठामपणे म्हणते." असं उत्तर तुमच्या मर्यादांच्या परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्यासाठी लिहून काढा. सर्वांत कंटाळवाणं काम हेच आहे आणि सर्वांत उपयोगीही.

शीर्षकात 'परिणाम' हा शब्द असेल आणि सर्वेक्षण एकदाच झालं असेल, तर "आधीची स्थिती कुठे मोजली?" हा प्रश्न येणारच. 'गटात येण्यापूर्वी किती बचत करत होता' असं विचारलं असेल, तर ते स्मरणावरचं उत्तर आहे, मोजमाप नाही. 'परिणाम' ऐवजी 'संबंध' म्हणायची तयारी ठेवा.

योगदानाबद्दल 'या जिल्ह्यात असा अभ्यास पहिलाच' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. जिल्हा बदलला म्हणून ज्ञान वाढत नाही. आधीचे अभ्यास काय म्हणत होते आणि तुमच्या आकड्यांनी त्यात नेमकं काय हललं, ते दोन वाक्यांत बोलून पाहा. p < 0.05 दाखवून सुटका होत नाही. ३८४ नोंदींवर 0.12 एवढा सहसंबंधही सिग्निफिकंट ठरतो, पण त्याचा वर्ग 0.0144, म्हणजे बचतीतल्या चढउतारापैकी जेमतेम दीड टक्का त्याने उलगडतो. मुख्य गृहीतकाचा आकडा असा असेल, तर 'संबंध आहे, पण क्षीण आहे' हे परीक्षकाआधी तुम्हीच म्हणा.

सरावाला दुसऱ्या विभागातला माणूस बसवा, तुमच्या विषयातले मित्र फार समजून घेतात. प्रबंधाची प्रत सोबत ठेवा, मुख्य तक्त्यांना चिठ्ठ्या लावा. छपाईनंतर सापडलेल्या चुका एका पानावर टाइप करून न्या. बेरीज चुकलेला तक्ता त्यात सगळ्यांत वर असू द्या.