घरगुती चिवड्याचं पॅकिंग: पाकीट, लेबल आणि सीलिंग मशीन कुठून आणि कशी घ्यावीत

घरचा चिवडा, चकली, भाजणी विकायला काढणारे बहुतेक जण आधी सीलिंग मशीन आणतात, मग त्यात बसतील अशी पाकिटं शोधतात आणि शेवटी उरलेल्या जागेत लेबल चिकटवतात. हा क्रम उलटा आहे आणि पैसे इथेच वाया जातात. पदार्थावरून पाकीट ठरतं, पाकिटावरून मशीन ठरतं आणि पुरवठादार कोण, हे नमुने घरी तपासल्यावर ठरतं. मी इथे पातळ पोह्यांच्या चिवड्याचं २५० ग्रॅमचं पाकीट डोळ्यांसमोर ठेवून सांगते, कारण त्यात सगळ्या अडचणी येतात: तेल आहे, बारीक चुरा आहे, कुरकुरीतपणा टिकवायचा आहे आणि पदार्थ वजनाने हलका पण जागा खाणारा आहे.

पाकीट

दुकानातल्या पाकिटांवरच्या '२५० ग्रॅम', '५०० ग्रॅम' या आकड्यांवर जाऊ नका. ते मसाला किंवा डाळ धरून सांगितलेले असतात. चिवडा वजन करा, पाकिटात भरा, दोनदा आपटून बसवा आणि वर चार बोटं मोकळी राहतात का ते पाहा. २५० ग्रॅम चिवड्याला साधारण २० बाय ३० सेंटीमीटरचं पाकीट लागतं.

साधी एलडीची, म्हणजे एकाच थराच्या मऊ पॉलिइथिलिनची पारदर्शक पिशवी स्वस्त असते आणि ओलावा बऱ्यापैकी अडवते, पण हवेतला ऑक्सिजन तिच्यातून आरपार जातो. म्हणून चिवडा मऊ पडत नाही, पण तीन आठवड्यांत शेंगदाणे आणि खोबरं खवट लागायला लागतात. त्यापेक्षा लॅमिनेट घ्या, म्हणजे बाहेर पॉलिएस्टर आणि आत पॉलिइथिलिन असे दोन थर चिकटवलेलं पाकीट. माल महिनाभराहून जास्त राहणार असेल, तर मधे चंदेरी थर असलेलं मेटलाइज्ड घ्या, ते उजेडही अडवतं. खिडकीवालं तपकिरी कागदी पाकीट दिसतं छान, पण त्याच्या आत कोणतं अस्तर आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका. नुसत्या कागदाला तेल लगेच फुटतं.

बाजार म्हणाल तर पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत मस्जिद बंदर, नागपुरात इतवारी. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तिथे चौकशीला जाऊ नका. तेव्हा दुकानदाराला बोलायला वेळ नसतो आणि जे शिल्लक असेल तेच हातात पडतं. श्रावणात जा.

दुकानात तीन गोष्टी मागा. पहिली, थरांची रचना आणि प्रत्येक थराची मायक्रॉनमधली जाडी बिलावर लिहून. दुसरी, खाद्यपदार्थासाठी योग्य असल्याचा चाचणी अहवाल. प्लास्टिकमधून अन्नात किती अंश उतरतो, याची भारतीय मानकाची चाचणी आयएस ९८४५ आहे, तो क्रमांक अहवालात असला पाहिजे. अहवालावर प्रयोगशाळेचं नाव, तारीख आणि याच मालाचं वर्णन आहे का ते वाचा. दुसऱ्याच कुठल्या मालाचा जुना अहवाल दाखवला, तर नमस्कार करून बाहेर पडा. तिसरी, वीस-पंचवीस नमुना पाकिटं, विकत का होईना. पाचशेचा गठ्ठाच घ्या म्हणणारा पुरवठादार सोडून द्या.

बिलावर लिहिलेली जाडी खरी आहे का, हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. पॉलिएस्टर १२ आणि पॉलिइथिलिन ५० मायक्रॉन अशा लॅमिनेटचं एक चौरस मीटर साधारण ६३ ग्रॅम भरतं. आपल्या पाकिटाच्या दोन्ही बाजू मिळून ०.१२ चौरस मीटर होतात, म्हणजे एक पाकीट साडेसात ग्रॅमच्या आसपास. दहा पाकिटं एकत्र ठेवा, ७५ ग्रॅम किंवा थोडी जास्त भरली पाहिजेत. ६२ ग्रॅम भरली, तर आतला थर ५० नसून ३८ मायक्रॉनच्या जवळ आहे. सील तोच थर वितळून होतं, त्यामुळे ही कमतरता पुढे तुम्हालाच भोवते. जाडी गेजमध्ये सांगितली, तर १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन धरा.

ऑनलाइन पुरवठादार असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकून पाहा. नाव आणि पत्ता बिलाशी जुळतो का आणि नोंदणी Active आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

सील

सगळ्यात जास्त वेळ मला याच टप्प्यावर लागला आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. 'मशीन चांगलं घ्या, सील चांगलं होतं' हे अर्धसत्य आहे. सील सुटण्याची पहिली दोन कारणं मशीनमध्ये नसतात, पाकिटाच्या काठावर असतात: तेल आणि चुरा.

चिवडा भरताना पोह्याचा चुरा, हळद आणि तेलाचा पातळ थर पाकिटाच्या आतल्या काठाला लागतो. दोन थर वितळून एकजीव व्हायचे तर त्यांच्यामध्ये काहीही नको. तेल असलं की वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि तिसऱ्या दिवशी गाडीत हेलकावे खाल्ल्यावर सुटतं. म्हणून भरण्याआधी पाकिटाचा वरचा चार बोटं भाग बाहेर दुमडा, रुंद तोंडाच्या नरसाळ्यातून भरा, मग दुमड उलगडा. सील जिथे व्हायचं तो भाग त्यामुळे चिवड्याला शिवतच नाही. तरीही कोरड्या मलमलच्या फडक्याने एकदा पुसा. चिवडा पूर्ण गार झालेला असला पाहिजे, कोमट असेल तर आत वाफ धरते आणि सील बरोबर असूनही माल मऊ पडतो.

आता मशीन. बाजारात मिळणारं हाताने दाबायचं मशीन इम्पल्स पद्धतीचं असतं. दाबल्यावर तारेतून थोडा वेळ वीज जाते, दिवा लागतो, मग विझतो. दिवा विझला की लगेच हात काढू नका. त्या क्षणी प्लास्टिक वितळलेलं असतं आणि दाबाखाली गार व्हायला त्याला आणखी दोन सेकंद हवी असतात. तिथे घाई केली की सील सुरकुततं.

तार किती रुंद आहे हे विचारा. २ मिलिमीटरची तार साध्या एलडी पिशवीला चालते. लॅमिनेटला ५ ते ८ मिलिमीटर हवी, कारण अरुंद सीलमध्ये चुऱ्याचा एक कण आला तरी आरपार वाट तयार होते. मशीनची पट्टी पाकिटाच्या रुंदीपेक्षा दोन इंच तरी लांब हवी, म्हणजे २० सेंटीमीटरच्या पाकिटाला ८ इंची पुरत नाही, १२ इंची घ्या. जाड मेटलाइज्ड पाकिटाला एकाच बाजूने तापणारं हातमशीन कमी पडतं. त्यासाठी दोन्ही बाजूंनी तापणारं, पायाने दाबायचं मशीन घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात, हा फायदा वेगळाच. पट्ट्यावरून पाकीट सरकत जाणारं बँड सीलर रोजची दोन-तीनशे पाकिटं निघायला लागल्यावर बघा. बाजूला घड्या असलेली पाकिटं हातमशीनवर टाळा. तिथे कडेला चार थर आणि मधे दोन थर येतात, आणि जिथे जाडी बदलते तिथे बारीक भोक राहतं. तीन बाजूंनी सील केलेलं सपाट किंवा तळाला घडी असलेलं उभं पाकीट घ्या.

मशीन घ्यायला जाताना आपली नमुना पाकिटं आणि घरचा चिवडा घेऊन जा. दुकानदार स्वतःच्या स्वच्छ कोऱ्या पिशवीवर सील करून दाखवतो, त्याला काही अर्थ नाही. तुमच्या पाकिटावर, तुमचा चिवडा भरून करायला सांगा. मशीनवरची उष्णतेची डायल कमीपासून एक-एक आकडा वाढवत प्रत्येक आकड्यावर दोन पाकिटं करा आणि त्यांच्यावर तो आकडा लिहा. ती घरी आणून पूर्ण गार झाल्यावर तपासा.

पहिली तपासणी, सील दोन्ही हातांनी ओढून उघडा. पापुद्र्यासारखं सहज सोललं तर उष्णता कमी पडली. सीलच्या शेजारी पाकीट ताणलं किंवा फाटलं, पण सील सुटलं नाही, तर बरोबर. सीलमध्ये बुडबुडे किंवा सुरकुत्या दिसल्या, किंवा आतल्या कडेला रेषेत फाटलं, तर उष्णता जास्त झाली. दुसरी तपासणी, बंद पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून हलकेच दाबा. बुडबुड्यांची रांग आली की भोक सापडलं. तिसरी तपासणी रिकाम्या पाकिटावर करा: आत अर्धा कप पाणी, चिमूटभर खायचा रंग आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून सील करा आणि सीलची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर पाच मिनिटं धरा. साबणाने पाणी बारीक फटीतही शिरतं. कागदावर डाग पडला, तर तो आकडा बाद.

जो आकडा पास झाला तोच कायमचा, असं मात्र नाही. पंधरा-वीस पाकिटांनंतर मशीनची पट्टी तापलेली राहते आणि तोच आकडा जास्त पडतो, तेव्हा अर्धा आकडा खाली घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा उलट करावं लागतं. म्हणून प्रत्येक बैठकीत पहिलं, मधलं आणि शेवटचं पाकीट ओढून बघा.

मशीनबरोबर सुटी तार आणि तारेवर बसणाऱ्या टेफ्लॉनच्या पट्ट्या त्याच दिवशी घ्या. टेफ्लॉन काळपट पडलं की बदला. जो दुकानदार हे सुटे भाग ठेवत नाही, त्याच्याकडून मशीन घेऊ नका.

बरणी

लोणच्याला काच घ्या. पेट प्लास्टिकच्या पारदर्शक बरणीत गरम काही भरू नका, ७० अंशांच्या पुढे ती मऊ पडून वाकडी होते.

लेबल

क्रोमो म्हणजे गुळगुळीत कागदाच्या लेबलवर तेलकट बोट लागलं की डाग कायमचा राहतो. रिबन न लावता छापणाऱ्या थर्मल प्रिंटरची अक्षरं उष्णतेने आणि तेलाने खराब होतात, त्यावर तारीख छापू नका. पीपी म्हणजे प्लास्टिकचं लेबल घ्या. छापणाऱ्याकडून पाच नमुने आणा, पाकिटावर लावून पाकीट भरा, तेलाचं बोट फिरवा आणि रात्रभर ठेवून कडा उचलतात का पाहा. लेबल पाकीट रिकामं आणि सपाट असतानाच लावा.

पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणाचा आधी), शेंगदाण्यासारख्या ॲलर्जीच्या पदार्थांची सूचना, निव्वळ वजन, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक एवढं छापून घ्या. बॅच, उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत, सर्व करांसह कमाल किंमत आणि प्रति ग्रॅम किंमत यांना मोकळी जागा ठेवा आणि लवकर वाळणाऱ्या शाईच्या शिक्क्याने भरा. शेंगदाण्याचा भाव वाढला की किंमत बदलते, आणि किंमत छापलेली दोन हजार लेबलं पडून राहतात. पौष्टिक मूल्यांचा तक्ता तुमच्या नोंदणीच्या प्रकाराला लागतो का, हे छपाईआधी अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला विचारून घ्या.

दुसरी ऑर्डर

पहिल्या खेपेतली दोन कोरी पाकिटं बिलासोबत फाइलमध्ये ठेवा. पुढची खेप आली की दहा पाकिटांचं वजन करा, जुन्याशी ताडा आणि तीन पाकिटं सील करून ओढा. त्याच नावाखाली दुसऱ्या रोलचा माल येणं या व्यवसायात नेहमीचं आहे. वजन कमी भरलं, तर गठ्ठा फोडण्याआधी परत करा. फोडलेला गठ्ठा कुणी परत घेत नाही.